आधी रिकामी फेरी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नाही. यावर लोक हसतात, मीही हसते. पण ह्यांच्या कामाला मी कुणाला हसू देत नाही. शहरातल्या अर्ध्याअधिक इमारती ह्यांच्या हाताने वर-खाली होतात. एखाद्या दवाखान्याची लिफ्ट अडली की मोठमोठे साहेब आधी ह्यांचा नंबर शोधतात. मला ह्यांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बायकोनेच नाही मिरवायचं तर शेजाऱ्यांनी मिरवायचं का?

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्टच्या बोगद्याला ते शाफ्ट म्हणतात. एक माणूस खाली खड्ड्यात असतो, दुसरा वर मशीनच्या खोलीत. एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून वरचा ओरडतो, "खाली घेतोय!" आणि खालच्याने तेच उलट ओरडायचं, "खाली घे!" हे उत्तर आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. उत्तर नाही आलं तर पुन्हा ओरडायचं, आणखी मोठ्याने. तरीही नाही आलं तर सगळं बंद करून शोधायला निघायचं. उत्तर न येणं म्हणजे काहीतरी भयंकर झालं आहे, हे ह्यांच्या हाडात मुरलेलं आहे. घरातसुद्धा मी "मीठ आणा" म्हटलं की हे "मीठ आणतो" म्हणतात. आणि ह्यांनी "निघतो गं" म्हटल्यावर मी काही बोलले नाही, तर हे बूट घातलेल्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत येऊन पुन्हा म्हणतात, "निघतो म्हटलं."

माझा धाकटा भाऊ बारक्या. आता तो ह्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. लग्नानंतर ह्यांनीच त्याला हाताशी धरून काम शिकवलं. दाजी आणि मेहुणा, एक खड्ड्यात आणि एक मशीनच्या खोलीत, अशी कितीतरी वर्षं गेली. दोघांचं इतकं जमायचं की मला कधीकधी हेवा वाटायचा. जेवायला बसले तरी दोघांच्या तोंडी रूळ, दोर आणि ब्रेक.

मग एका ऑफिसच्या इमारतीत ते घडलं. हे खड्ड्यात होते. बारक्याने वरून हाक दिली आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. लिफ्ट वीतभर खाली सरकली. ह्यांनी खड्ड्यातलं स्टॉपचं बटण दाबलं म्हणून पुढचं टळलं. इथपर्यंत चूक बारक्याची, आणि ती लहान नव्हती. पण हे वर आले ते तापलेल्या तव्यासारखे. खाली मोठ्या दालनात, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर, पहारेकऱ्यासमोर, ह्यांनी त्याला फैलावर घेतलं. त्याचा निष्काळजीपणा काढला तोवर ठीक होतं. पण शेवटी म्हणाले, "तुला हे काम झेपायचं नाही. बापासारखा स्टुलावर बसून दुसऱ्यांसाठी बटणं दाबत बस. तुमच्या घराण्याची लायकी तेवढीच."

आमचे बाबा लिफ्टमन होते. एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये पितळी बटणांचा गणवेश घालून स्टुलावर बसायचे.

बारक्याने हातातला पाना जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. म्हणाला, "ताईकडे बघून आजवर तुमचं सगळं ऐकून घेतलं, दाजी. आता संपलं." आणि तो गेला. हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "आज जरा जास्त बोललो." काय बोललो ते सांगितलं नाही. ते मला नंतर आईकडून कळलं. मी ते त्या दोघांचं भांडण म्हणून बाजूला ठेवलं. दोघांच्या मध्ये आपला तिसरा राग कशाला?

आता खरी चूक ऐका, जी फक्त लिफ्टवालाच करू शकतो. राग निवल्यावर ह्यांनी बारक्याला फोन केला. त्याने उचलला नाही. मग पुन्हा केला. पुन्हा केला. मेसेज टाकला, "उत्तर दे." मग, "ऐकतोयस ना?" मग, "नुसतं हो तरी म्हण." त्या एका संध्याकाळी हा माणूस शाफ्टच्या तळाशी उभा राहून ओरडावं तसा त्या फोनमध्ये ओरडत राहिला. मी म्हटलं, "अहो, पुरे." तर म्हणतात, "उत्तर येत नाही गं!" शेवटी उत्तर आलं. बारक्याने लिहिलं होतं, "पुन्हा असा पाठलाग केलात तर मी नंबर बदलेन. ताईलाही सांगा, मध्ये पडू नकोस."

त्यानंतर आईने आपली अक्कल चालवून पाहिली. आई बारक्याकडे राहते. तिने एका रविवारी आम्हाला फोन केला की चक्कर येतेय, लगेच या. तसाच फोन बाहेर गेलेल्या बारक्यालाही केला. आम्ही धापा टाकत पोहोचलो तर आई मजेत वाटाणे सोलत बसलेली. "आलात का? बसा, तोही येतोच आहे." बारक्या आला, दारातले ह्यांचे बूट बघितले आणि तसाच जिना उतरला. आईला पुढे पुष्कळ दिवस त्याने शब्दाने विचारलं नाही. आई म्हणाली, "मी आपलं गोड करायला गेले." मी म्हटलं, "आई, माणसाला कोंडून त्याचं तोंड गोड होत नाही."

अशी दोनेक वर्षं गेली. बारक्या दुसऱ्या कंपनीत लागला. मी आईकडे जायची ती तो कामावर असताना, चोरासारखी, आपल्याच माहेरी. आणि मग एके दिवशी आई म्हणाली, "हा परगावी नोकरी बघतोय. म्हणतो, इथे आता काय ठेवलंय?"

हे मी ह्यांना सांगितलं.  त्या दिवसापासून "निघतो गं" एकदाच म्हणायला लागले, माझं उत्तर आलं की नाही ते न बघता. तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून खचला आहे.

त्याच आठवड्यात हे एका जुन्या पिवळ्या इमारतीतलं काम करून आले. हात न धुताच खुर्चीत बसले आणि फोनवर अंगठ्याने काहीतरी टिपू लागले. चहा निवला. दुसरा केला, तोही निवला. शेवटी फोन माझ्यापुढे धरला. "बारक्याला पाठवतोय. वाच."

मी वाचू लागले. बोटाने सरकवतेय, सरकवतेय, संपेना. "मला मान्य आहे की त्या दिवशी माझं चुकलं, पण तूही समजून घ्यायला हवंस की शाफ्टमध्ये एका सेकंदात माणसाचा..." मग सुरक्षेचे नियम. मग बारक्याला काम कसं शिकवलं त्याची कहाणी. मग परगावी जाऊ नकोस. मग आईचं वय. शेवटी, "तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे."

"कसं वाटलं?" ह्यांनी विचारलं.

"छान आहे. फक्त एक सांगा, हे वाचून बारक्याने काय काय करायचं?"

"म्हणजे?"

"तुम्हाला माफ करायचं. स्वतःची चूक कबूल करायची. तुमचे उपकार मानायचे. नोकरी नाकारायची. आईचं बघायचं. आणि हे सगळं जेवायच्या आत, कारण तुम्ही वाट बघताय."

ह्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही, कारण याबाबतीत माझाही धंदा मला काही शिकवून गेला आहे. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर असते. अर्धवट उपचार सोडून गायब झालेले पेशंट आमच्याकडे पुष्कळ. माझ्याआधीची बाई त्यांना फोन करून विचारायची, "इतके दिवस होतात कुठे? डॉक्टर किती वेळा विचारत होते!" झालं, समोरचा ओशाळून फोन ठेवायचा आणि दात दुखला तरी दुसरीकडे जायचा. मी तसं करत नाही. मी म्हणते, "नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमची आठवण झाली म्हणून फोन केला. यावंसं वाटलं तर सकाळी जागा असते." कुठे होतात ते विचारत नाही, का नाही आलात ते तर मुळीच नाही. बरेचजण येतात. काही येत नाहीत. त्यांना मी पुन्हा फोन करत नाही.

हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "रिकामी फेरी."

"काय?"

"लिफ्ट पुष्कळ दिवस बंद पडून असली ना, की चालू करताना तिच्यात माणसं भरत नाहीत. आधी रिकामी चालवायची. अगदी हळू. एकच मजला. थांबायचं, ऐकायचं. कुठे घासतंय का, ब्रेक धरतोय का. मग उतरवायची. माणसं त्यानंतर, तीही एकदम नाही." त्यांनी फोनकडे बघितलं. "मी पहिल्याच फेरीला सगळा मोहल्ला आत कोंबतोय."

असा माझा नवरा. एकदा कळलं की मग हट्ट धरत नाही.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि तो मेसेज रिकामा करू लागलो. "माझं चुकलं, पण" गेलं. ह्यांना वाटलं, निदान "माफ कर" तरी राहू दे. मी म्हटलं, "माफी मागायचीच आहे, पण समोरासमोर, त्याची ऐकायची तयारी झाल्यावर. असं फोनवर मागितलीत की 'केलं माफ' म्हणायची सक्ती त्याच्यावर आणि मोकळे तुम्ही." गेलं ते. परगावची नोकरी गेली. ती आम्हाला आईकडून कळली, असा संशय त्याला आला असता आणि पुन्हा आईवर खापर फुटलं असतं. "घरी ये" गेलं. "कसा आहेस?" उरलं होतं.

"एवढं तरी असू दे," हे म्हणाले. "साधं आहे."

"तुम्हाला साधं. त्याला उत्तर द्यावं लागेल. बरा आहे म्हणाला तर खोटं, बरा नाही म्हणाला तर कमीपणा."

तेही गेलं. मग ह्यांनी विचारलं, "आता राहिलं काय?"

"आज तुम्हाला त्याची आठवण कशावरून झाली?"

तेव्हा ह्यांनी सांगितलं की त्या पिवळ्या इमारतीत प्रत्येक मजल्याचा दरवाजा कुरकुरत होता. प्रत्येकाला हात लावावा लागला. फक्त पाचव्या मजल्याचा अलगद सरकत होता. तो बारक्याने एकट्याने बसवलेला पहिला दरवाजा.

"खरंच सरकतो? का त्याला बरं वाटावं म्हणून?"

"खोटं कशाला बोलू? रुळावरची धूळसुद्धा पुसावी लागली नाही."

"मग तेच लिहा."

एका वाक्यावरून मात्र आमचं वाजलं. ह्यांना लिहायचं होतं की उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला वाटलं, असं म्हणणं म्हणजे उत्तराची आठवण करून देणंच. पण हे ठाम होते. "मागच्या वेळी मी त्याच्या मागे लागलो होतो. या वेळी तसं नाही, हे त्याला कळायला नको? दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते जास्तीचं होईल, मी लिहिलं तर नाही." विचार केला तर बरोबर होतं. मी हरले, आणि ते मला आवडलं.

मेसेज असा झाला: "बारक्या, आज पिवळ्या इमारतीत होतो. पाचव्या मजल्याचा तुझा दरवाजा अजून अलगद सरकतो. तुझी आठवण आली. उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

संध्याकाळी, कामावरून येऊन हातपाय धुऊन तो टेकत असेल अशा वेळी हे पाठवायचं ठरलं. पाठवायच्या आधी ह्यांनी मला एकदा विचारलं, "आणि उत्तर नाहीच आलं तर?"

"तर नाही आलं. पाठवताना तेही धरूनच पाठवा. जमत नसेल तर पाठवूच नका."

ह्यांनी मेसेज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "जमवतो," आणि अंगठा दाबला.

आता पुढची गंमत. थोड्याच वेळात मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या. वाचला त्याने. हे फोनकडे असे बघत बसले की आत्ता त्यातून बारक्याचं डोकं वर येईल. काही आलं नाही. तो दिवस गेला. दुसरा गेला. ह्यांचा हात सारखा खिशाकडे जायचा. जेवताना म्हणाले, "त्याला मिळाला नसेल का?" मी म्हटलं, "निळ्या खुणा आहेत." थोड्या वेळाने, "चुकून निळ्या झाल्या असतील." मी ताटात वाढत राहिले. "नुसतं एक विचारतो, मिळाला का म्हणून." मी पळी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही आत्ता शाफ्टमध्ये नाही, जेवायला बसलात. खाली कुणी चेंगरत नाहीये. तिकडे एक माणूस आहे, धडधाकट, आणि तो विचार करतोय. त्याला करू दे."

हे "करू दे" म्हणाले आणि जेवले. पण मला दिसत होतं की त्यांना किती जड जातंय. ज्याने उभ्या आयुष्यात न आलेलं उत्तर म्हणजे अपघात मानला, तो माणूस हातात फोन असून गप्प बसला होता. लिफ्टच्या मोठाल्या मोटारी उतरवणाऱ्या माणसाची ताकद मी बघितली आहे. ही त्याहून मोठी होती.

आणि माझंही कौतुक करून घेते, कारण दुसरं कुणी करणार नाही. माझी जीभ नुसती वळवळत होती. आईला फोन करून विचारायचं, बारक्या काही बोलला का, चेहरा कसा होता, किती घास जेवला. आईचा स्वतःहून फोन आला. ती कुकरची शिट्टी बिघडल्याचं सांगत होती आणि मी तळहाताने तोंड दाबून ऐकत होते. आईला कळलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी बारक्याला "दाजींना उत्तर दे" म्हणून छळलं असतं. मी नाही सांगितलं. शिट्टीबद्दल बोलले, फोन ठेवला आणि आरशात स्वतःकडे बघून म्हटलं, शाबास.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. हे जिना चढत होते, दुसऱ्या मजल्यावरूनच ह्यांनी मला हाक मारली. मी धावत खाली गेले. फोनवर एकच ओळ होती: "त्या दरवाजात माझं नख गेलं होतं."

मला वाटलं, हा टोमणा आहे. पण हे जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "त्याला आठवतंय," म्हणाले. "अगं, त्याला आठवतंय!"

मग लगेच अंगठा सुरू. "रविवारी जेवायला" एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात मी फोन ओढून घेतला.

"त्याने किती लिहिलंय? एक ओळ. तुम्ही किती लिहायचं?"

"एक ओळ," ह्यांनी म्हटलं, आणि पुष्कळ विचार करून लिहिलं, "आठवतंय. तुझं बोट बघायचं सोडून मी रुळाला पोचा आला का ते बघितलं होतं."

तिकडून हसणारा एक चेहरा आला. बस्स. ह्यांनी फोन खिशात ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर असंच थोडं थोडं चालू राहिलं. कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. बारक्याने एका लिफ्टमधल्या पाटीचा फोटो पाठवला, "लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत", आणि तिच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलेलं, "मग कुठे?" ह्यांनी एका मशीनच्या खोलीत घरटं केलेल्या कबुतराचा फोटो पाठवला. भांडणाचा विषय कुणी काढला नाही. मला मधूनच वाटायचं, हे असंच कबुतरांवर चालणार का? पण मी गप्प बसले. रिकामी फेरी म्हणजे रिकामी फेरी.

मग एका दुपारी बारक्याने पहिल्यांदा काहीतरी विचारलं. "दाजी, जुन्या मशीनचा ब्रेक सोडताना खरखर करतोय. लायनिंग की स्प्रिंग?" प्रश्न त्याच्या बाजूने आला होता, आणि त्यात "दाजी" होतं. हे तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. उत्तर मात्र ब्रेकचंच दिलं: आधी लायनिंग बघ, एका बाजूने झिजलं असेल. संध्याकाळी तिकडून आलं, "लायनिंगच होतं." आणि त्याच्या पाठोपाठ, "रविवारी त्या बाजूला येतोय. घरी असाल का?"

माझ्या नवऱ्याने लिहिलं, "आहे." एकच शब्द. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार अभिमान वाटला.

रविवारी बारक्या आला. दारात उभा राहिला. केस थोडे पिकले होते, एवढ्या लहान वयात. हे खुर्चीतून उठले, पण पुढे धावले नाहीत. "ये," म्हणाले. तो आला, बूट काढले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि कान बाहेर ठेवले. आधी ब्रेकच्या गप्पा झाल्या. मग त्याच्या कंपनीतल्या साहेबाला नावं ठेवून झाली. मग विषय संपले.

बारक्याच बोलला. "त्या दिवशी मी उत्तराची वाट बघायला हवी होती, दाजी. अजून अंगावर काटा येतो. आता एकदाही चुकत नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले. "आणि मी तुला चारचौघांत बोललो ते चुकलं. आत, दार लावून बोलायला हवं होतं." पुढे काही नव्हतं. "पण" नव्हतं, शाफ्ट नव्हता, सेकंद नव्हता. मग थोडं थांबून, "आणि तुझ्या वडिलांबद्दल बोललो, ते तर..."

"ते मला नका सांगू," बारक्या म्हणाला.

मला वाटलं, घासलं इथे, आता सगळं बंद पडतंय.

"ते ताईला सांगा," तो म्हणाला. "तिचेही ते वडील होते. मी चिडलो, निघून गेलो, मोकळा झालो. ती याच घरात राहिली."

माझ्या हातात गाळणं होतं. मी ते खाली ठेवलं. दोन वर्षं मी दोघांचा विचार केला होता; कुणाला किती झेपेल, कुठली ओळ ठेवायची, कुठली काढायची. माझी ओळ कुणी विचारली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. पितळी बटणं रविवारी घासून चकाकवणारे माझे बाबा. चढणाऱ्या बाईला मजला न विचारता तिच्या मजल्यावर सोडणारे. त्यांच्या कामाची मला लहानपणापासून ऐट होती, आणि माझ्याच नवऱ्याने ती भर दालनात पायाखाली तुडवली होती. मला ते लागलं होतं. फार लागलं होतं.

हे स्वयंपाकघराच्या दारात आले. मला वाटलं, आता लांबलचक भाषण येणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या बाबांबद्दल मी बोललो ते खोटं होतं आणि नीच होतं. मला माफ कर."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मला एरवी गप्प करणं कुणाला जमलेलं नाही. चहा भांड्यात निवत होता, बाहेर बारक्या मान खाली घालून बसला होता, आणि हे दारात उभे होते. उत्तर येत नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. पुढे आले नाहीत, मागेही गेले नाहीत. नुसते थांबले, मला हवा तितका वेळ.

शेवटी मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "आमचे बाबा आज असते ना, तर स्टुलावरून उठून आधी तुम्हाला बसायला जागा दिली असती. तेवढी आमच्या घराण्याची लायकी आहे."

"आहे," ह्यांनी म्हटलं.

मी मान ताठ केली आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.